न फसफसलेला दगड

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला विज्ञानावर बोलण्यास सांगितले आणि वर अशी अटही घातली की, व्याख्यान न देता गोष्ट सांगावी. मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकविले. गोष्टी सांगणे हा माझा प्रांत नव्हे. तरीही आज्ञा पाळतो. गोष्ट दोन मैत्रिणींची आहे. त्यांची नावे रेवा आणि मृणाल अशी मी कल्पिली आहेत. मुली कल्पित असल्या तरी गोष्टीतील दगड, आम्ल आणि वजने यांचे वागणे खरे आहे. ज्याला हवे त्याने ते घरी पडताळून पाहावे.

रेवा आणि मृणाल इयत्ता नववीत शिकतात. विज्ञान प्रदर्शनाला साडेतीन आठवडे उरले आहेत. जबलपूरच्या मुलींना विषय सुचला तो जबलपूरचाच: 'आम्लवर्षा आणि भेडाघाटचा संगमरवर'. पुस्तकात त्यांनी वाचले होते की, संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर आम्ल पडले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उठतात आणि दगड हळूहळू झिजतो. तेव्हा बेत असा ठरला की, भेडाघाटच्या दगडाचे तुकडे घ्यावेत, काही व्हिनेगरमध्ये आणि काही साध्या पाण्यात बुडवावेत, आठवडाभराने पुन्हा तोलावेत आणि किती ग्रॅम झीज झाली त्याचा आलेख काढावा. आलेखाची मोठी पाटी रंगविण्याचे काम रेवाने आधीच सुरू केले. रेषा खाली उतरणार हे ठरलेलेच होते. किती उतरणार, एवढेच काय ते भरावयाचे राहिले होते.

तुकडे मिळविणे सोपे होते. धुवाँधारकडे जाणाऱ्या वाटेवर मूर्ती आणि शोभेच्या वस्तू विकणाऱ्यांची दुकाने आहेत. एका कारागिराने कोरीव कामातून उडालेले पांढरे तुकडे त्यांना मूठभर दिले. मुलींनी ते घरी आणून धुतले, वाळविले, तोलले आणि व्हिनेगरच्या वाटीत सोडले.

काहीच झाले नाही.

तुकडा ओला झाला तेव्हा त्याच्या अंगावरून हवेचे चार कण निघाले, तेवढेच. तसे कण पाण्यातल्या तुकड्यावरूनही निघाले होते. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. सातव्या दिवशी तुकडे पुसून, वाळवून तोलले. ठेवताना चोवीस ग्रॅम होते, काढतानाही चोवीसच. पाण्यातला तुकडा जसाच्या तसा आणि आम्लातलाही जसाच्या तसा. रेवाच्या पाटीवर उतरणारी रेषा काढण्यासारखे काहीच हाती आले नाही, आणि एक आठवडा खर्ची पडला.

अशा वेळी मुले काय करतात हे मी प्रयोगशाळेत अनेक वर्षे पाहिले आहे. रेवाने तेच सुचविले. तिचे म्हणणे असे, की पुस्तकातले रसायनशास्त्र खोटे असू शकत नाही. मग दगडाऐवजी खडू घ्यावा. तोही कॅल्शियमचाच असतो, चांगला फसफसेल. पाहणाऱ्याला तत्त्व समजले म्हणजे झाले. मृणालला हे पटले नाही. पाटीवर भेडाघाटचे नाव लिहावयाचे आणि वाटीत खडू ठेवावयाचा, हे तिला सरळ वाटेना. दोघींत थोडी बोलाचाली झाली आणि शेवटी 'निदान करून तरी पाहू' म्हणून रेवाने फळ्यावरचा खडू त्याच व्हिनेगरमध्ये टाकला.

खडूही फसफसला नाही.

येथे क्षणभर थांबतो, कारण या ठिकाणी मोठमोठ्यांचीही फसगत होते. खडूचा जो मूळ नैसर्गिक दगड, तो खरोखर कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. परंतु आपल्या शाळांत वापरला जाणारा पांढरा खडू पुष्कळदा जिप्समचा, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस ज्यापासून करतात त्या पदार्थाचा बनविलेला असतो. तो कॅल्शियमचाच, पण कार्बोनेट नव्हे, सल्फेट. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघावयाचा तरी कोठून? मुलींना हे ठाऊक नव्हते. दगड गप्प, खडूही गप्प. तेव्हा रेवाने निष्कर्ष काढला की व्हिनेगरच निकामी आहे. बाटली फेकून नवी आणावी आणि सारे पुन्हा करावे, असे ठरत आले.

मृणालने बाटली फेकण्याआधी एक गोष्ट केली आणि माझ्या मते या गोष्टीचा कणा तोच आहे. शेजारच्या काकूंकडून तिने अंड्याचे कवच मागून आणले. अंड्याचे कवच जवळजवळ संपूर्ण कॅल्शियम कार्बोनेटचे असते, याबद्दल कोणाला शंका नाही. ते तिने त्याच बाटलीतल्या त्याच व्हिनेगरमध्ये टाकले. थोड्याच वेळात कवच बुडबुड्यांनी वेढले गेले आणि वर तरंगू लागले.

म्हणजे व्हिनेगर निर्दोष होते. रीतही बरोबर होती. मग उत्तर एकच उरले: वाटीतला दगड त्यांना वाटत होता तो नव्हता.

श्रोतेहो, फसलेला प्रयोग दोन प्रकारचा असतो. एकात हत्यार बिघडलेले असते: आम्ल जुने, तराजू चुकीचा, बाटलीवरचे नाव भलतेच. अशा फसगतीतून काही शिकावयाचे असेल तर ते हत्यार नीट करणे, एवढेच. दुसऱ्या प्रकारात हत्यार ठीक असते आणि आपली कल्पना चुकलेली असते. नवा विषय जन्मतो तो या दुसऱ्या प्रकारातून. मात्र बाहेरून पाहता दोन्ही सारखेच दिसतात. दोन्हीकडे 'काहीच झाले नाही' एवढेच वहीत लिहिलेले असते. त्यांना वेगळे करणारी वस्तू म्हणजे ते अंड्याचे कवच. ज्याचे उत्तर आधीपासून पक्के ठाऊक आहे असा एक नमुना त्याच आम्लात, त्याच वाटीत, त्याच दिवशी घालून पाहणे. ते केले नसते तर रेवा आणि मृणाल नव्या बाटलीतही पुन्हा तीच शांतता पाहत बसल्या असत्या.

आता पुढचा धागा मृणालच्या आजीने दिला, आणि तो तिने नकळत दिला.

मृणालच्या घरी देवघरात पांढऱ्या दगडाची महादेवाची पिंडी आहे. आजोबांनी ती पुष्कळ वर्षांपूर्वी भेडाघाटहून आणलेली. पिंडी ज्या फरशीवर ठेवली आहे ती मकराण्याच्या संगमरवराची. घर बांधताना गवंड्याने उरलेला एक तुकडा तेथे बसविला होता. मुलींचे बोलणे ऐकून आजी म्हणाली, "अगं, आंबटाने दगड खराब होतो हे सांगायला आम्ल कशाला हवं? दर सोमवारी पंचामृताचा अभिषेक होतो. दह्याचे ओघळ जिथं पडतात तिथली फरशी बघ, तिची सगळी झळाळी गेली. पिंडी मात्र होती तशी गुळगुळीत."

मृणालने वाकून पाहिले. फरशीवर पिंडीच्या पन्हळीसमोर एक निस्तेज, खरखरीत पट्टा होता. बोट फिरविले की जाणवत होता. पिंडीवर मात्र कोठेही खरखर नव्हती. दही पडत होते ते आधी पिंडीवर आणि मग फरशीवर. दोन्हींना घरात 'संगमरवर' म्हणत. एकाला दह्याने खाल्ले आणि दुसऱ्याला स्पर्शही केला नाही.

त्या रात्री वहीत मृणालने जुना विषय खोडला नाही. त्याच्याखाली दुसरी ओळ लिहिली: 'ज्याला आपण संगमरवर म्हणतो ते सगळे दगड एकच आहेत का?' तो नवा विषय. रेवाला रंगविलेली पाटी वाया जाण्याचे वाईट वाटले, पण दुसऱ्या दिवशी बाईंपुढे वही ठेवताना ती मृणालच्या शेजारीच उभी होती.

बाईंनी विषय बदलण्यास परवानगी दिली, एका अटीवर. त्या म्हणाल्या, "जो दगड तुम्ही वापरला तो कोणता हे आधी त्यालाच विचारा, ज्याने तो दिला."

रविवारी रेवाच्या वडिलांबरोबर मुली पुन्हा भेडाघाटला गेल्या. कारागिराने प्रश्न ऐकला आणि तो हसला. त्यात लपविण्यासारखे काहीच नव्हते. त्याच्या हिंदीतल्या उत्तराचा मराठीत आशय असा: हा तर मऊ दगड, सेलखडी. मऊ आहे म्हणून तर छिन्नीखाली इतका बारीक नक्षीकामाला येतो. तो नदीकाठचा कडा आहे ना, त्या दगडातून एवढ्या किमतीत एवढी मूर्ती कोण कोरून देईल? मग त्याने उंबऱ्यापाशी टेकू म्हणून ठेवलेला एक जड, पांढरा, जुना तुकडा उचलून दाखविला. हा त्या कड्याच्या जातीचा, म्हणाला. हवा तर घेऊन जा. कड्याला हात लावण्याची गरजच पडली नाही.

सेलखडीला आपण मराठीत शंखजिरे म्हणतो. अंगाला लावण्याची पावडर ज्यापासून होते तोच दगड. तो मॅग्नेशियमचा सिलिकेट आहे, त्यात कार्बोनेट नाही. म्हणून व्हिनेगर, दही, लिंबू यांचे त्याच्यापुढे काही चालत नाही. नखाने ओरखडा उठावा इतका तो मऊ असतो आणि बोटाला साबणासारखा बुळबुळीत लागतो. मृणालने पिंडीवर नख मारून पाहिले नाही, हे सांगून ठेवतो. कारागिराने दिलेल्या तुकड्यावर मारले, ते पुरेसे होते.

आता मुलींजवळ तीन पांढरे दगड झाले. पहिला कोरीव कामाचा मऊ तुकडा. दुसरा भेडाघाटच्या कड्याच्या जातीचा. तिसरा मकराण्याच्या फरशीचा, गच्चीवर उरलेला. तिघांनाही बाजारात आणि घरात एकच नाव. बाईंनी प्रयोगशाळेतील सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल काढले, स्वतः ड्रॉपर हाती घेतला आणि मुलींना डोळ्यांवर चष्मे लावावयास सांगितले.

मकराण्याच्या तुकड्याच्या ताज्या तुटलेल्या बाजूवर थेंब पडताच तो जोराने फसफसला. मऊ तुकडा अपेक्षेप्रमाणे गप्प राहिला. राहता राहिला भेडाघाटचा. तो फसफसेल अशी दोघींची खात्री होती, कारण हा तर खरा संगमरवर. थेंब पडला. दोन-तीन आळशी बुडबुडे उठले आणि थांबले.

रेवाच्या तोंडून निघाले, "हाही खोटा?"

बाईंनी उत्तर दिले नाही. त्यांनी लोखंडी खिळ्याने त्या दगडावर दाबून रेघ ओढली. रेघेत पांढरी भुकटी जमली. त्या भुकटीवर दुसरा थेंब टाकला, आणि भुकटी सळसळून फसफसली.

हा दगड डोलोमाइटचा. साध्या संगमरवरात फक्त कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे कॅल्साइट, असते. डोलोमाइटात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे थर एकाआड एक रचलेले असतात. मॅग्नेशियमची कार्बोनेटावरील पकड अधिक घट्ट असल्यामुळे थंड, सौम्य आम्लात हा दगड फार सावकाश विरघळतो. त्याची भुकटी केली की आम्लाला एकदम पुष्कळ पृष्ठभाग मिळतो, आणि मग तोच मंद बदल डोळ्यांना दिसण्याइतका वेग धरतो. भेडाघाटच्या शुभ्र खडकाला भूवैज्ञानिक डोलोमाइटयुक्त संगमरवर म्हणतात. तेव्हा तो खोटा नव्हे. उष्णता आणि दाब यांनी रूप पालटलेला तो खरा संगमरवरच. केवळ त्याची जात मकराण्याहून निराळी.

या ठिकाणी एका फ्रेंच माणसाचे नाव घेतले पाहिजे. 1789 साली देओदा द दोलोम्यू नावाचा भूवैज्ञानिक आल्प्स पर्वतात हिंडत असताना त्याला चुनखडकासारखा दिसणारा, पण आम्लात जेमतेम फसफसणारा दगड आढळला. त्याने 'आम्ल वाईट' किंवा 'नमुना वाईट' म्हणून तो टाकून दिला नाही. 1791 साली त्याने नेमक्या त्या गुणावरच लेख प्रसिद्ध केला: आम्लात फारच कमी फसफसणाऱ्या चुनखडकांविषयी. पुढच्याच वर्षी नीकोला-तेओदोर द सोस्यूर याने त्या दगडाचे पृथक्करण करून त्याला दोलोम्यूचे नाव दिले. आज आल्प्समधील ज्या शिखरांना डोलोमाइट पर्वत म्हणतात, त्यांना ते नाव दगडावरून मिळाले; दगडाला पर्वतावरून नव्हे. म्हणजे बुडबुडे कमी आले, यातूनच एका खनिजाला नाव मिळाले. आपल्या गोष्टीतील मुली सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी, नर्मदेच्या काठी, त्याच दोन-तीन आळशी बुडबुड्यांपाशी येऊन उभ्या होत्या.

पण थेंबाच्या साक्षीवर निकाल द्यावा काय? बाईंनी येथे त्यांना चांगलेच तासले. डोलोमाइटात कॅल्साइटाची बारीक शीर असली आणि थेंब नेमका तिच्यावर पडला तर दगड जोराने फसफसेल आणि तुम्ही फसाल. दगडाला सिमेंट किंवा चुना चिकटलेला असला तरी तो फसफसेल. फरशीला पॉलिश किंवा मेण असले तर कॅल्साइटसुद्धा काही वेळ गप्प बसेल. सच्छिद्र दगडाच्या पोटातली हवा नुसत्या पाण्यानेही बाहेर येते; तिला वायू समजू नये. म्हणून वहीत चार नियम आले. बाजू ताजी फोडलेली किंवा घासून धुतलेली हवी. आधी पाण्याचा थेंब टाकून पाहावा, मग आम्लाचा. एकाच दगडावर तीन वेगवेगळ्या जागी पाहावे. आणि अखंड दगडावरचा थेंब व भुकटीवरचा थेंब नेहमी जोडीने वाचावेत. दोन्हीकडे जोर असेल तर कॅल्साइट, अखंडावर मंद आणि भुकटीवर जोर असेल तर डोलोमाइट, दोन्हीकडे शांतता असेल तर कार्बोनेटच नाही.

याखेरीज आम्लाशी ज्याचा काही संबंध नाही असा एक स्वतंत्र साक्षीदार हवा होता. तो सापडला तो स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर. कॅल्साइटची घनता सुमारे 2.71 आणि डोलोमाइटची सुमारे 2.85. म्हणजे एकाच आकाराच्या तुकड्यांत डोलोमाइटचा तुकडा थोडा जड भरतो. पण ओबडधोबड दगडाचे घनफळ मोजावे कसे?

रीत अशी. काट्यावर पाण्याचे भांडे ठेवावे आणि काटा शून्यावर आणावा. दगड दोऱ्याने बांधून, भांड्याच्या तळाला किंवा कडेला न लागता, पाण्यात पूर्ण बुडेल असा हाताने धरावा. काटा जितके ग्रॅम दाखवील तितके घनसेंटिमीटर दगडाचे घनफळ. दगडाने जेवढे पाणी बाजूला सारले तेवढ्याच वजनाचा भार भांड्यावर येतो, एवढेच त्याचे कारण.

रेवाने आधी भेडाघाटच्या दगडाची एक लहानशी कपची घेतली. कोरडे वजन 17 ग्रॅम, पाण्यात 6. घनता 2.83 आली आणि ती आनंदली. मृणालने विचारले, "हा काटा एका ग्रॅमपेक्षा बारीक मोजत नाही. तो 6 खरा 5 असेल तर? किंवा 7?" रेवाने गणित केले. पाच धरले तर 3.4, सात धरले तर 2.43. एवढ्या रुंद दारातून कोणताही दगड आत येईल! उत्तर बरोबर आले होते खरे, पण ते योगायोगाने.

मग त्यांनी मोठे तुकडे घेतले. भेडाघाटचा 171 ग्रॅम, पाण्यात काट्यावर 60, घनता 2.85. मकराण्याचा 163 ग्रॅम, पाण्यात 60; घनता 2.72. आता एका ग्रॅमची चूक दोन्ही बाजूंनी धरून पाहिली. पहिला 2.80 आणि 2.90 यांच्या मध्ये येतो, दुसरा 2.67 आणि 2.76 यांच्या मध्ये. दोन पट्टे एकमेकांना शिवत नाहीत. दोन्ही दगड निराळे आहेत, हे थेंबाने सांगितले तेच काट्यानेही सांगितले. शंखजिऱ्याची घनता मात्र या दोघांच्या मधोमध पडते; त्याला काट्याने ओळखता येत नाही, त्याला नखच लागते. प्रत्येक परीक्षेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा अशी शेजारी शेजारी वहीत आली.

उरलेल्या दिवसांत दोघींनी वाड्यातल्या आणि नातेवाइकांच्या घरांतील 'संगमरवरी' म्हणविणाऱ्या वस्तू तपासल्या. खल, पोळपाट, पायऱ्यांचे तुकडे. वापरातल्या वस्तूवर आम्ल टाकावयाचे नाही, असा नियम त्यांनी स्वतःच केला. तुटका कोपरा किंवा खालची न दिसणारी बाजू असेल आणि घरच्यांची परवानगी असेल तरच थेंब, नाही तर नुसते नख आणि निरीक्षण. ज्यांचा निर्णय झाला नाही त्या वस्तूंसाठी तक्त्यात 'ठरविता आले नाही' असा रकाना ठेवला, आणि तो रिकामा राहिला नाही.

राहता राहिला आजीचा प्रश्न. पिंडी संगमरवराची नाही हे आजीला सांगावे की नाही, यावर मैत्रिणींत पुन्हा दुमत झाले. रेवा म्हणाली, आजोबांनी आणलेली वस्तू आहे, कशाला मन दुखवायचे? मृणालने सांगितले. आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे अभिषेकासाठी हाच दगड योग्य म्हणायचा. खालची फरशी तेवढी बदलायला हवी." पुढच्या सोमवारी पन्हळीखाली एक पितळी ताम्हन आले, आणि दह्याचे ओघळ त्यात पडू लागले.

प्रदर्शनात रेवाने जुनी पाटी उलटी करून तिच्या कोऱ्या बाजूवर तीन दगडांचा तक्ता लिहिला. परीक्षकांनी वही चाळली, पहिल्या पानावर थांबले आणि विचारले, "येथे आम्लवर्षेचा प्रयोग दिसतो. त्याचे काय झाले?" रेवाने उत्तर दिले, "तो प्रयोग आम्ही ज्या दगडावर केला तो संगमरवर नव्हता, सर. ते कळले म्हणून पुढचा प्रकल्प झाला. आणि आम्लवर्षेचा प्रश्न अजून उरलाच आहे. भेडाघाटचा दगड डोलोमाइट असेल तर त्याची झीज मकराण्याच्या तुलनेत किती मंद, हे मोजायला आमचा काटा आणि एक आठवडा पुरणार नाही."

त्यांना बक्षीस मिळाले किंवा नाही, हे मी ठरविलेले नाही. गोष्ट माझीच असल्याने ते माझ्या हाती होते, पण तिला त्याची गरज वाटली नाही.

पालकांना मात्र एक विनंती करतो. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री आपण मुलांच्या वह्या नीटनेटक्या करून देतो, खाडाखोड झालेली पहिली पाने फाडून टाकतो, अक्षर सुबक करून पुन्हा लिहावयास लावतो. रेवा आणि मृणाल यांच्या वहीतले पहिले पान फाडले गेले असते तर परीक्षकांना तीन दगडांचा तक्ता दिसला असता. तो प्रश्न त्यांना सुचला कोठून, हे कधीच कळले नसते. 'व्हिनेगर, सात दिवस, 24 ग्रॅम, 24 ग्रॅम, फरक नाही' ही ओळ, आणि तिच्याखालची 'तेच व्हिनेगर, अंड्याचे कवच, बुडबुडे आले' ही ओळ, या दोन ओळी त्या वहीतल्या सर्वांत मोलाच्या आहेत. त्या जशा आहेत तशाच राहू द्याव्यात.

आणि माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी भेडाघाटहून आणलेली एखादी पांढरी वस्तू असेल, त्यांनी आज घरी गेल्यावर तिच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी, हलकेच नख लावून पाहावे. ओरखडा उठला तर वाईट वाटून घेऊ नये. दही तिला कधीच खाणार नाही.